तापीपलीकडची जमीन, भुसावळची हद्द आणि कॅपिटल गेन

प्रश्न : ताई, नमस्कार. यावल तालुक्यात तापीच्या काठाशी आमची वडिलोपार्जित 4 एकर केळीची जमीन आहे, सातबाऱ्यावर मी आणि माझा लहान भाऊ (तो पुण्याला नोकरीला आहे). 80 लाखात सौदा ठरतोय. तलाठ्याने दाखला दिलाय की गावाची लोकसंख्या 3 हजार आहे आणि भुसावळ 9 किलोमीटरवर आहे. एजंट म्हणतो ग्रामीण शेतजमीन, एक रुपया टॅक्स नाही. मामेभाऊ म्हणतो 8 किलोमीटर पाहिजे म्हणून आपण वाचलो. आणि अमळनेरच्या एका मित्राची शहरापासून 4 किलोमीटरवरची जमीन टॅक्स न लागता विकली गेली. मग आमची तर नक्की ग्रामीण ना? – एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : दादा, नाही. तुमची जमीन आयकराच्या हिशोबात शहरी धरली जाईल असं मला दिसतंय आणि हे खरेदीखताच्या आधी कळलं ते फार बरं झालं, कारण खरेदीखत झाल्यावर माणसाच्या हातात फार कमी उरतं.

तुमच्या हातातल्या दाखल्यापासून सुरू करते. त्यात दोन आकडे आहेत आणि आयकराला त्यातला एकही नकोय. गावाची लोकसंख्या 3 हजार असो की 13 हजार, ती इथे बघतच नाहीत. कायदा विचारतो ती जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या, म्हणजे नगरपरिषद, महानगरपालिका, नगरपंचायत, कॅन्टोन्मेंट, नाव काही असो. त्या शहराची लोकसंख्या 10 हजारांच्या वर आणि 1 लाखापर्यंत असेल तर त्याच्या हद्दीपासून 2 किलोमीटरच्या आतली शेती शहरी, 1 लाखाच्या वर ते 10 लाखांपर्यंत असेल तर 6 किलोमीटरच्या आतली, आणि 10 लाखांच्या वर गेलं तर 8 किलोमीटरच्या आतली. आणि 10 हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या पालिकेच्या हद्दीतच जमीन असेल तर अंतर मोजायचा प्रश्नच नाही, ती शहरीच. तालुका कुठला, जिल्हा कुठला, मध्ये नदी आहे का डोंगर, याला काही अर्थ नाही. तुम्ही यावल तालुक्यात आहात म्हणून फक्त यावल बघायचं असं नाही, आजूबाजूच्या प्रत्येक पालिकेपासून वेगवेगळं मोजायचं आणि एका जरी पालिकेच्या वर्तुळात सापडलात तरी जमीन शहरी.

आता तुमचं बघू. यावल नगरपरिषदेची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या 36 हजारांच्या आसपास, म्हणजे तिथून 2 किलोमीटर, तुमचा गट त्याच्या बराच बाहेर आहे, तिकडून काही भीती नाही. जळगाव महापालिका साडेचार लाखांच्या वर, म्हणून 6 किलोमीटर, पण ती तुमच्यापासून तशीही लांब आहे. राहिलं भुसावळ. भुसावळची 2011 ची लोकसंख्या 1 लाख 87 हजार, म्हणजे 6 किलोमीटरचा नियम. आणि इथे तुमचे 9 किलोमीटर कामाला येत नाहीत, कारण ते रस्त्याने आहेत, तेही बहुतेक स्टेशनपासून नाहीतर बसस्टँडपासून, आणि पुलावरून वळसा घालून. कायद्यात अंतर हवाई मोजायचं आहे, सरळ दोरी ताणल्यासारखं, आणि सुरुवात शहराच्या मध्यापासून नाही तर नगरपरिषदेच्या हद्दीपासून करायची. तापीच्या दोन्ही काठांवरच्या लोकांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण समोर दिसणाऱ्या शहराला जायला पूल गाठावा लागतो आणि रस्त्याचे किलोमीटर दुप्पट होऊन जातात, पण आयकराच्या मोजमापात नदी नसतेच.

तुम्ही पत्रासोबत गट नंबर दिला होता त्यावरून मी महाभूनकाशावर गट काढला, मग गूगल अर्थवर नगरपरिषदेच्या हद्दीपासून तुमच्या दक्षिणेकडच्या बांधापर्यंत रेघ टाकली, ती साधारण 4.7 किलोमीटर भरली. ही काही सरकारी मोजणी नाही, पण 6 च्या आत सव्वा किलोमीटरहून जास्त फरक आहे, एवढी चूक अशा मोजणीत होत नाही. रेघ 5.9 किंवा 6.1 आली असती तर मी म्हटलं असतं थांबा, आधी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे नाहीतर नगररचना ऑफिसला अर्ज करा, अक्षांश-रेखांशासह लेखी मोजणी घ्या आणि मगच ठरवा. तसा दाखला कधी घ्यायची वेळ आली तर त्यात दोन शब्द आहेत का ते आधी बघायचं, "हवाई अंतर" आणि "नगरपरिषद हद्दीपासून". हे दोन नसतील तर तो दाखला असेसमेंटमध्ये टिकत नाही, आणि तलाठ्याकडून, तहसीलमधून जे दाखले येतात त्यातल्या बहुतेकांमध्ये रस्त्याचं अंतरच लिहिलेलं असतं कारण त्यांना विचारलेलंच तसं असतं. हद्द कुठे संपते हेसुद्धा डोळ्यांनी ठरवू नका, घरं संपली म्हणजे हद्द संपली असं नसतं, नगरपरिषदेच्या विकास आराखड्याचा नकाशा मागून घ्यायचा.

एजंट आणि मामेभाऊ मुद्दाम खोटं सांगताहेत असं मला वाटत नाही, दोघांचं ज्ञान जुनं आहे. पूर्वी सरकार शहरांची यादी काढायचं, 1994 च्या नोटिफिकेशनमध्ये कुठल्या शहराच्या बाहेर किती किलोमीटर ते लिहिलेलं होतं आणि जास्तीत जास्त मर्यादा 8 किलोमीटर होती, तो 8 चा आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय. आणि अंतर रस्त्याने की हवाई यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने रस्त्याने मोजायचं असं सांगितलं आणि आयकर बोर्डाने ऑक्टोबर 2015 च्या सर्क्युलरमध्ये ते मान्यही केलं, पण फक्त जुन्या वर्षांपुरतं. 2013 च्या फायनान्स अ‍ॅक्टने कायदाच बदलला, 1 एप्रिल 2013 नंतरच्या विक्रीला हवाई अंतर आणि लोकसंख्येप्रमाणे 2, 6, 8. म्हणजे रस्त्याने मोजल्याचे निकाल तुम्हाला कोणी दाखवले तर ते निकाल खरे आहेत, तुमच्या सौद्याला मात्र लागू नाहीत. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, ही अंतरं तीच आहेत.

आणि अमळनेरचा मित्र, त्याचं बरोबर आहे. अमळनेरची 2011 ची लोकसंख्या 96 हजारांच्या जवळपास आहे, 1 लाखाला थोडीशी कमी, त्यामुळे तिथे 6 नाही तर 2 किलोमीटर लागू होतं आणि 4 किलोमीटरवरची जमीन ग्रामीण ठरते. चाळीसगावचंही तेच, साडेसत्त्याण्णव हजार. आज ही दोन्ही शहरं बघून कोणी म्हणेल की लाख कधीच ओलांडलाय, पण अंदाज चालत नाही, शेवटच्या जनगणनेचे जे आकडे त्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवसाच्या आधी प्रसिद्ध झालेले असतील तेच धरायचे, आणि अजून तरी ते 2011 चेच आहेत. पुढची जनगणना 1 मार्च 2027 या तारखेची आहे. तिचे आकडे बाहेर आले आणि त्यात अमळनेर किंवा चाळीसगाव 1 लाखाच्या वर निघालं की त्याच्या पुढच्या 1 एप्रिलपासून त्या शहरांभोवती 2 ते 6 किलोमीटरच्या पट्ट्यातली सगळी शेती एका झटक्यात शहरी होईल, जमीन तिथेच, पीक तेच, फक्त टॅक्स नवा. त्या पट्ट्यात ज्यांचा विकायचा विचार पक्का आहे त्यांनी ही गोष्ट आत्ता लक्षात घ्यावी, मला हे त्या भागातल्या लोकांना फार कळकळीने सांगावंसं वाटतं कारण हे कोणी सांगत नाही. तुम्हाला मात्र त्याने काही फरक पडत नाही, भुसावळ 1 लाखाच्या वर आधीच आहे आणि 10 लाखांपासून फार लांब.

हद्दसुद्धा सरकत असते हेही बघायचं. धुळे महापालिकेची हद्द 2018 मध्ये वाढली, वलवाडी, महिंदळे, अवधान असली गावं आत आली, म्हणजे 6 किलोमीटरची रेघही तेवढीच बाहेर सरकली. मुक्ताईनगर, बोदवड, साक्री इथे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तीही या व्याख्येत पालिकाच आहे. विक्रीच्या दिवशी हद्द कुठे आहे ते बघायचं, दहा वर्षांपूर्वी शेजाऱ्याने विकलं तेव्हा कुठे होती ते नाही.

आता पैशाचं. जमीन शहरी म्हणजे ती कॅपिटल अ‍ॅसेट, म्हणजे नफ्यावर कॅपिटल गेन टॅक्स. जमीन वडिलोपार्जित आणि 24 महिन्यांपेक्षा जास्त जुनी, म्हणून लाँग टर्म. मूळ किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत घेता येते, पण त्या तारखेची सरकारी मुद्रांक किंमत जेवढी असेल त्याच्या वर जाता येत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडून 2001 च्या रेडी रेकनरचा उतारा काढा, आणि रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट घ्या. हिशोब कळावा म्हणून मी एकरी दीड लाख धरते, म्हणजे 4 एकराचे 6 लाख, दोघा भावांचे प्रत्येकी 3 लाख. विक्रीत प्रत्येकाचे 40 लाख. नफा प्रत्येकी 37 लाख.

तुमची स्वतःची दुसरी टॅक्सेबल इन्कम नाही, शेतीचं उत्पन्न माफ आहे, त्यामुळे नव्या रेजीममधली 4 लाखांची मूळ सूट या नफ्यातून वजा करता येते. उरले 33 लाख, त्यावर 12.5 टक्के म्हणजे 4 लाख 12 हजार 500, वर 4 टक्के सेस 16 हजार 500, एकूण 4 लाख 29 हजार. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या जमिनीला इंडेक्सेशन लावून, म्हणजे मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून, 20 टक्क्यांचा दुसरा हिशोबही करून बघता येतो आणि कमी येईल तो भरायचा. 2025-26 चा इंडेक्स 376 धरला तर 3 लाखांचे 11 लाख 28 हजार होतात, नफा 28 लाख 72 हजारांवर येतो, पण त्यातून 4 लाखांची सूट वजा केली तरी 20 टक्क्यांनी टॅक्स सेसच्या आधीच 4 लाख 94 हजार होतो, म्हणजे तुम्हाला 12.5 टक्केच परवडतं. 2001 ची किंमत भरपूर जास्त निघाली तरच 20 टक्केवाला हिशोब जिंकतो, म्हणून तो रेकनरचा उतारा आल्यावर दोन्ही आकडे परत काढा.

भावाला मात्र 4 लाखांची ती सूट मिळणार नाही, त्याच्या पगारातच ती संपलेली आहे. त्याला 37 लाखांवर 4 लाख 62 हजार 500 आणि सेस धरून 4 लाख 81 हजार, आणि त्याचा पगार धरून एकूण उत्पन्न 50 लाखांच्या वर गेलं तर वरून सरचार्ज. त्याने पुण्यात आपल्या सीएला आधी विचारून घ्यावं.

हा टॅक्स टाळायचा सरळ आणि कायदेशीर रस्ता शेतकऱ्याला आहे, जुन्या कायद्यात ते 54बी कलम म्हणून सगळ्यांना माहीत होतं, नव्यातही ती सवलत आहे. विकलेली शहरी शेती विक्रीच्या आधीची 2 वर्षं तुम्ही किंवा तुमच्या आईवडिलांनी कसलेली असली पाहिजे, आणि विकल्यानंतर 2 वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली पाहिजे. जेवढा नफा तेवढ्याची जमीन घेतली की पूर्ण माफ, म्हणजे तुमच्या बाबतीत 40 लाखांची नाही, 37 लाखांची जमीन पुरते, आणि ती रावेरच्या शिवारात घ्या की चोपड्याच्या, खेड्यातली असली तरी चालते. विक्रीच्या आधी घेऊन ठेवलेली जमीन यात धरत नाहीत, बरेच जण घाईत आधी इसार देऊन खरेदीखत करून टाकतात आणि तिथे सवलत जाते. रिटर्नच्या शेवटच्या तारखेपर्यंत जमीन मिळाली नसेल तर नफ्याची रक्कम बँकेत कॅपिटल गेन खात्यात टाकायची, साध्या बचत खात्यात किंवा एफडीत पडून राहिली तर ती धरली जात नाही. नवी जमीन 3 वर्षं विकायची नाही. आणि ती तुमच्याच नावावर घ्या. मुलाच्या किंवा बायकोच्या नावावर घेतलेल्या जमिनीवरून कोर्टात दोन्ही बाजूंनी निकाल आहेत, आपल्या मुंबई हायकोर्टाने मुलाच्या नावच्या खरेदीत सवलत नाकारलेली आहे, तुम्ही त्या वादात कशाला पडता.

कसल्याचा पुरावा आत्ताच गोळा करा. सातबाऱ्यावरची पीकपाहणी, केळी विकल्याच्या पट्ट्या, खताची बिलं, ठिबकचं बिल, मागच्या दोन वर्षांचं सगळं एका फाईलमध्ये. तुमचं त्यात सोपं आहे, भावाचं नाजूक आहे. तो पुण्याला, जमीन तुम्ही कसता, वडील नाहीत. त्याच्या हिश्श्याच्या जमिनीवर त्याने किंवा त्याच्या वतीने शेती होत होती हे त्याला दाखवावं लागेल, म्हणजे केळीच्या पैशातला त्याचा वाटा त्याच्या खात्यात गेल्याच्या नोंदी, त्याने खर्चाला पाठवलेले पैसे, त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं शेती उत्पन्न. यातलं काहीच नसेल तर त्याने या सवलतीच्या भरवशावर राहू नये, त्याच्यासाठी सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसीसारख्या कंपन्यांचे कॅपिटल गेन बाँड घेणं हा कमी डोकेदुखीचा मार्ग आहे, 50 लाखांपर्यंत घेता येतात, त्याचे 37 लाख त्यात बसतात, फक्त पैसा 5 वर्षं अडकतो आणि व्याज टॅक्सेबल असतं. पुण्यात स्वतःचं घर घ्यायचं असेल तर घराची वेगळी सवलत आहे, पण तिथे नफा नाही तर विक्रीची पूर्ण रक्कम गुंतवावी लागते.

खरेदीदाराशी बोलताना दोन गोष्टी. एक, जमीन शहरी असल्यामुळे त्याला 1 टक्का टीडीएस कापायचाच आहे. 50 लाखांची मर्यादा आता पूर्ण सौद्याला बघतात, एकेका भावाच्या हिश्श्याला नाही, म्हणून 40-40 लाख वेगळे दाखवून ती चुकत नाही. तुमचे 40 हजार, भावाचे 40 हजार कापले जातील आणि ते टॅक्समध्ये वळते होतील किंवा रिफंड येतील, त्यासाठी पॅन आधार लिंक आहे का बघून घ्या नाहीतर 20 टक्के कापतात. दोन, काही खरेदीदार म्हणतात की आधी तुम्ही तुमच्या नावावर बिनशेती करून द्या मग खरेदीखत करू. तसं करू नका. बिनशेती आदेश झाला की विकलेली वस्तू शेतजमीन होती का यावरच प्रश्न उभा राहतो आणि 54बी ची पूर्ण सवलत धोक्यात येते. त्याला जे करायचं ते त्याने खरेदीनंतर त्याच्या नावावर करावं.

सौद्याचे पूर्ण 80 लाख खरेदीखतात आणि बँकेतून येऊ द्या. थोडे रोख, थोडे चेकने असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा, जमिनीच्या व्यवहारात 20 हजार आणि त्यावर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो आणि शिवाय सरकारी रेकनरची किंमत खरेदीखताच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असेल तर टॅक्स रेकनरवर मोजतात. एवढ्या मोठ्या खरेदीखताची माहिती रजिस्ट्रार ऑफिसातून आयकराकडे जातेच, तेव्हा "ग्रामीण समजून रिटर्न भरलंच नाही" हे पुढे ऐकून घेतलं जात नाही, नोटीस आली की व्याज आणि दंड मूळ टॅक्सच्या वर चढतात.

एजंटला इसार पावतीवर सही द्यायच्या आधी विकास आराखड्यातली हद्द, गटाचा नकाशा आणि मोजलेली रेघ एका कागदावर छापून जवळच्या सीएकडे नेऊन दाखवा, आणि 2001 चा रेकनर उतारा त्याच दिवशी मागवायला टाका, जुनं रेकॉर्ड शोधून हातात पडायला वेळ लागतो.